रनचं दर वेळी "चालवणे" होतंय? आधी ते थांबलं तर काय म्हणाल ते बघा

इंग्रजीतल्या run या क्रियापदाचं मराठी करायचा हा प्रॉब्लेम एकदा सुटला म्हणून सुटत नाही, दर कामात परत येतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. लक्षण असं की इंग्रजी मजकूर मराठीत केला, व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, तरी वाचणारा दोन परिच्छेदांतच म्हणतो की हे इंग्रजीतून आलंय ना. मग कुठे खटकतंय ते शोधत गेलं की दर थोड्या वेळाने एक रन सापडतो. धावणे लिहायची चूक आता फारसं कोणी करत नाही, केली तरी लगेच हसू येतं आणि पकडली जाते. खरा त्रास "चालवणे"चा आहे, कारण ते अर्ध्या ठिकाणी बरोबर असतं आणि उरलेल्या अर्ध्या ठिकाणी चूक असूनही चूक दिसत नाही.

मला हे नीट कळलं ते एका गावच्या नळ पाणीपुरवठा योजनेवरचा अहवाल करताना. चाळीसेक पानं, इंग्रजीत लिहिलेला, आणि मराठी प्रत गावच्या पाणीपुरवठा समितीलाच द्यायची होती, म्हणजे ज्यांच्याबद्दल लिहिलंय तेच वाचणार. त्यात एका परिच्छेदात पाच वेळा रन होतं. समिती योजना रन करते, पंप सहा तास रन होतो, पाइप रस्त्याच्या कडेने रन होतो, नळ चाळीस मिनिटं रन होतात, आणि समितीचे अध्यक्ष सरपंचपदासाठी रन करतायत. लिहिणाऱ्याला इंग्रजीत हे जाणवलंही नसेल. माझ्या पहिल्या कच्च्या प्रतीत यातल्या तीन ठिकाणी चालणे-चालवणे होतं, एका ठिकाणी धावणे होतं (कुठे ते सांगत नाही), आणि समितीतल्या एका काकांनी ते वाचून फक्त एवढंच विचारलं, "ताई, नळ चालतो म्हणजे कुठे जातो?"

आधी हे परत परत का होतं ते सांगते. माझ्याकडे तरी कारण शब्दसूचीत होतं. आम्ही ज्या टूलमधे काम करतो त्यात आधीची भाषांतरं साठवलेली असतात आणि सूचीत एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द. रनसमोर कधीतरी कोणीतरी "चालवणे" टाकून ठेवलेलं, आणि मग तपासणारा माणूस तुम्ही दुसरं काही लिहिलं की लाल खूण करतो की सूचीप्रमाणे नाही. तुम्ही एका फाइलमधे दुरुस्त करता, सूची तशीच राहते, पुढच्या कामात तेच परत. तेव्हा पहिलं काम म्हणजे त्या सूचीतून एकटा रन काढून टाका आणि त्याच्या जागी जोड्या टाका: पंपाबरोबर काय, नळाबरोबर काय, संस्थेबरोबर काय, निवडणुकीबरोबर काय. नुसत्या क्रियापदाला मराठी शब्द नाहीचये, कर्त्याबरोबर किंवा कर्माबरोबरच आहे.

दुसरं काम, काम सुरू करायच्या आधी मूळ फाइलमधले सगळे रन एका जागी बघून घ्या. साधी टेक्स्ट फाइल असेल तर मी हे वापरते:

```
grep -n -i -w -E "run|runs|ran|running" report.txt
```

यातला `-w` विसरू नका, मी विसरले होते आणि अहवालात जिथे जिथे `grant` आणि `brand` आहे त्या सगळ्या ओळी समोर आल्या, कारण त्यांच्या पोटात `ran` आहे. सरकारी योजनेच्या अहवालात ग्रँट किती वेळा येतं ते तुम्हाला माहितीच असेल.

आता मुख्य गोष्ट. रनला मराठी शब्द शोधत बसू नका, त्याच्या उलटं काय होईल ते मराठीत स्वतःला विचारा. ते थांबलं, बिघडलं, संपलं, सोडून दिलं तर गावातला माणूस काय म्हणेल? हा उलटा शब्द आपल्या तोंडात आपोआप येतो, त्याच्यावर इंग्रजीची सावली नसते, आणि तो आला की सुलटा शब्द त्याच्या मागोमाग येतो. पंप थांबला तर आपण म्हणतो मोटर बंद पडली, म्हणजे सुलटं काय, मोटर चालू आहे. पाणी थांबलं तर म्हणतो नळाला पाणी आलं नाही, म्हणजे सुलटं, नळाला पाणी येतं. ओढा थांबला तर ओढा आटला, म्हणजे सुलटं, ओढा वाहतो. उमेदवार थांबला तर त्याने अर्ज मागे घेतला, म्हणजे सुलटं, त्याने अर्ज भरलाय, तो उभा आहे. रेल्वे थांबली तर गाडी रद्द झाली, आणि तिथे सुलटं चक्क "धावते" आहे, लोकल उशिराने धावतायत, गणपतीला जादा गाड्या धावणार. म्हणजे धावणे सरसकट चूक आहे असंही नाही, सार्वजनिक वाहनाला ते शोभतं, आपल्या स्कूटरला नाही.

पंपाकडे जरा थांबते, कारण तिथे शब्द बरोबर असून रूप चुकतं. चालते, चालू आहे आणि चालवतात या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. "मोटर सहा तास चालते" म्हणजे रोजचा नेम. "मोटर चालू आहे" म्हणजे आत्ता, या क्षणी. "मोटर सहा तास चालवतात" म्हणजे कोणीतरी ठरवून, कदाचित दहाही तास चालवता आली असती पण विहिरीत पाणी नाही किंवा थ्री फेज लाईट तेवढाच वेळ असते. इंग्रजीत तिन्हीकडे रनच, आणि कोण चालवतं ते बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं, त्यामुळे मागचं-पुढचं वाचून ठरवावं लागतं. त्याच अहवालात एक वाक्य होतं की पंप कोरडा रन झाला आणि जळाला, मी आधी "पंप कोरडा चालवला गेला" लिहिलं, म्हणजे कोणावर तरी ठपका आल्यासारखं, आणि समितीत त्यावरून वाद व्हायची वेळ आली की कोणी चालवला, नाव सांगा. नंतर केलं "विहिरीत पाणी नसताना मोटर चालू राहिली आणि जळाली". झालं तेवढंच सांगितलं, दोष कोणाचा ते त्यांचं ते बघतील.

"चालवला गेला" हे एकूणच वाईट रूप आहे, इंग्रजीत कर्ता लपवलेला असला की आपला हात आपोआप "गेला"कडे जातो, तो आवरा.

याच योजनेसाठी मोटर चालू-बंद करायचं एक छोटं मोबाइल ॲप होतं आणि त्यातले शब्दही मराठीत करायचे होते. तिथे `Run` दोन जागी होतं, एक हिरव्या दिव्याखाली आणि एक बटणावर. आधीच्या माणसाने दोन्हीकडे "चालवा" केलेलं. आता दिव्याखाली "चालवा" लिहिलं की मोटर चालू आहे की चालू करायची आहे हेच कळत नाही, आणि पाणी सोडणारा माणूस दिव्यावरच बोट दाबत बसतो. भाषांतराच्या फाइलमधे संदर्भाची ओळ टाकली की हे सुटतं:

```
msgctxt "status lamp"
msgid "Run"
msgstr "चालू"

msgctxt "button"
msgid "Run"
msgstr "चालू करा"
```

संदर्भाची ओळ आपल्याला परस्पर वाढवता येत नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याने ती मूळ कोडमधेही टाकावी लागते, नाहीतर ॲपला तुमचं भाषांतर सापडतच नाही आणि स्क्रीनवर इंग्रजी दिसत राहतं. तेव्हा सरळ त्याला फोन करा आणि सांगा की एकाच शब्दाला आमच्याकडे दोन लागतात.

आता पाणी. पुस्तकी मराठीत पाणी वाहतं हे बरोबर, नदी वाहते, ओढा वाहतो, जखम वाहते, नाक वाहतं. पण नळाच्या बाबतीत "वाहतो" म्हणजे वाया जातंय. "नळ वाहतोय" असं कोणी ओरडलं की आपण उठून बंद करायला जातो. आमच्या अहवालात एक वाक्य होतं की गावातल्या बऱ्याच घरांमधे रनिंग वॉटर आहे, लिहिणारा कौतुकाने सांगत होता, आणि मराठीत झालं होतं "बऱ्याच घरांमधे वाहतं पाणी आहे". वाचलं की डोळ्यासमोर येतं छप्पर गळतंय आणि पावसाचं पाणी घरात शिरलंय. तिथे हवं होतं "घरात नळ आहे" किंवा "घरोघरी नळाला पाणी येतं". आणि हे दोन्ही एकच नाही बरं का! नळ असणं आणि नळाला पाणी येणं यात किती अंतर आहे ते नळाखाली कोरडी घागर लावून बसलेल्या बाईला विचारा. म्हणून मी मूळ अहवाल लिहिणाऱ्याला विचारलं की तुम्ही कनेक्शन मोजलीत की पाणी येतं का ते बघितलंत. त्याने कनेक्शन मोजली होती. मग "घरात नळजोडणी आहे" लिहिलं आणि पुढे गेले. पण हात धुण्याच्या सूचनेत "वाहत्या पाण्याखाली हात धुवा" चालतं, ते आता इतकं रुळलंय की खटकत नाही, कारण तिथे भांड्यात साठलेलं पाणी नको हेच सांगायचं असतं.

पाइप रस्त्याच्या कडेने रन होतो त्याचं काय करायचं? उलटी चाचणी इथे चालत नाही, पाइप थांबत नाही ना कधी. इथे कोणी काही करतच नाहीये, फक्त एखादी गोष्ट कुठून कुठे पसरलीय ते सांगायचंय. मराठीत यासाठी जाणे आहे, आणि बहुतेक वेळा ते झालेल्या गोष्टीसारखं येतं: "पाइपलाइन रस्त्याच्या कडेने गेली आहे". रस्ता जातो, वाट जाते, डोंगराची रांग पसरलेली असते, भिंतीला भेग गेलेली असते. "पाइपलाइन कडेने जाते" लिहिलं तरी चूक नाही, पण "गेली आहे" लिहिलं की जमिनीत टाकून झालीय, आता तिथेच आहे, हे सगळं आत येतं.

समिती योजना रन करते हे सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. "चालवते" बरोबरच आहे, पण जवळच "राबवते" बसलेलं असतं आणि सरकारी मराठी वाचून वाचून हात तिकडे जातो. नळयोजनेच्या बाबतीत या दोघांत पैशाचा फरक आहे. योजना राबवली म्हणजे मंजुरी आली, ठेका दिला, विहीर झाली, टाकी झाली, पाइप टाकले, काम पूर्ण. योजना चालवते म्हणजे त्याच्यानंतरचं, पाणीपट्टी गोळा करायची, वीजबिल भरायचं, व्हॉल्व्ह सोडणाऱ्याचा पगार द्यायचा, मोटर जळाली की वाइंडिंगला टाकायची. "समितीने योजना चांगली राबवली" आणि "समिती योजना चांगली चालवते" ही दोन वेगळी सर्टिफिकेटं आहेत, आणि गावात बऱ्याचदा पहिलं मिळालेल्याला दुसरं मिळत नाही. मोहीम, उपक्रम, अभियान, शासनाची योजना यांना राबवणे. शाळा, दुकान, बचत गट, खानावळ, रोजच्या रोज बघायला लागणारं काहीही असेल तर चालवणे.

त्यातही दुकान चालवतो, दुकान बघतो आणि दुकान चालतं हे तीन वेगळे. चालवतो तो मालक किंवा निदान जबाबदार माणूस. बघतो तो गल्ल्यावर बसणारा, मालकाचा पुतण्या वगैरे. आणि दुकान चालतं म्हणजे गिऱ्हाईक आहे, धंदा होतो. "त्यांचं दुकान बाजारात चालतं" असं रनचं भाषांतर करून ठेवलं तर तुम्ही नुसता पत्ता सांगायला गेलात आणि तारीफ करून आलात.

निवडणुकीचं प्रकरण शेवटी ठेवलंय कारण तिथे शब्द चुकला की वस्तुस्थितीच चुकते, नुसतं कानाला खटकत नाही. आधी शब्द बघू. उमेदवार निवडणूक लढवतो किंवा निवडणुकीला उभा राहतो. पहिलं बातमीत, दुसरं बोलण्यात, अर्थ तोच. पक्ष किंवा पॅनल उमेदवार उभा करतं किंवा उमेदवार देतं, इंग्रजीत तेही रनच असतं, पार्टी रॅन अ कँडिडेट, आणि तिथे हमखास "पक्षाने उमेदवार चालवला" अशी गंमत होते. निवडणूक आयोग निवडणूक घेतो, चालवत नाही. प्रचाराची यंत्रणा कोणी रन करत असेल तर तो प्रचार सांभाळतो. आणि निवडून आल्यावर पंचायत रन करतो तो कारभार बघतो. म्हणजे बायको सरपंचपदासाठी रन करते आणि नवरा गाव रन करतो या वाक्याचं मराठी "बायको उभी राहिली आणि कारभार नवरा बघतो", त्यात चालवणे एकदाही नाही, आणि असं वाक्य कुठल्या गावातलं आहे ते विचारायची गरज पण नाही.

आता वस्तुस्थिती कशी चुकते ते. अहवालात होतं की 2021 मधे दोघांनी सरपंचपदासाठी रन केलं. मी सरळ लिहिलं, "2021 मधे दोघांनी सरपंचपदाची निवडणूक लढवली". समितीतल्या लोकांनी वाचून मान हलवली, म्हणाले अशी निवडणूक झालीच नाही. आणि त्यांचं बरोबर होतं. महाराष्ट्रात 2017 ला सरपंच थेट लोकांमधून निवडायला सुरुवात झाली, 2020 ला ते बदललं, आणि 2022 ला परत थेट निवडणूक आली. मधल्या काळात, म्हणजे जानेवारी 2021 च्या ग्रामपंचायत निवडणुकांत, लोकांनी फक्त वॉर्डातले सदस्य निवडले आणि मग सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला. त्यातून त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदान झाल्यानंतर निघाली, म्हणजे मत मागत फिरताना सरपंचपद कोणाच्या वाट्याला येणार हेच माहिती नव्हतं. मग रन केलं म्हणजे नक्की काय केलं? परत फोन, परत विचारणा. कळलं ते असं की दोन्ही पॅनलनी निकालानंतर एकेक नाव पुढे केलं होतं. शेवटचं वाक्य झालं, "2021 च्या निवडणुकीनंतर सदस्यांमधून सरपंच निवडताना दोघांनी अर्ज भरले होते." लांब झालं, पण खरं झालं. आणि अध्यक्ष आता थेट निवडणुकीत उतरतायत, त्यांच्यासाठी मात्र "सरपंचपदासाठी उभे आहेत" हे नेमकं बसतं.

तेव्हा निवडणुकीच्या रनला मी आता तीन प्रश्न विचारते: अर्ज भरला होता का, तो कुठल्या पदासाठी, आणि मत कोण देणार होतं. अमेरिकेच्या बातम्या करणाऱ्यांना तर हे रोज लागेल. कमला हॅरिस 2020 च्या अध्यक्षपदासाठी रन झाल्या होत्या असं इंग्रजीत सर्रास लिहितात आणि त्यात काही चूक नाही, पण मराठीत "2020 ची अध्यक्षपदाची निवडणूक लढवली" म्हटलं की वाटतं मतपत्रिकेवर अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव होतं. त्यांनी जानेवारी 2019 ला डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळवायला सुरुवात केली आणि डिसेंबर 2019 मधेच, पक्षांतर्गत मतदान सुरू व्हायच्या आधी, माघार घेतली. म्हणून "पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत होत्या". 2020 ला त्या बायडेन यांच्यासोबत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या, रनिंग मेट म्हणजे तेच, धावता सोबती वगैरे लिहू नका. अध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी लढवली ती 2024 ला. एकाच माणसाच्या तीन रनना मराठीत तीन वेगळी वाक्यं लागतात.

बिनविरोधला पण जरा जपा. रन अनअपोज्ड दिसलं की आपण "बिनविरोध निवडून आले" लिहितो, ते आपल्याकडे ठीक आहे कारण एकच अर्ज उरला की मतदान होतच नाही, निकाल तिथेच जाहीर होतो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी समोर कोणी नसलं तरी नाव मतपत्रिकेवर येतं आणि लोक मत देतात. तिथली बातमी मतदानाच्या आधीची असेल तर "त्यांच्याविरुद्ध कोणी उभं नाही" एवढंच लिहा.

तर त्या अहवालात सगळे रन एकेक करून बघितले आणि शेवटी एक उरला, ठेकेदाराचं रनिंग बिल, म्हणजे काम पूर्ण व्हायच्या आधी तोवर झालेल्या कामाचं बिल. त्याला चालू बिल करून बघितलं तर चालू महिन्याचं वाटायला लागलं, हप्त्याचं बिल केलं तर कर्जाचं वाटलं. मग त्याच काकांना विचारलं की तुम्ही याला काय म्हणता. ते म्हणाले रनिंग बिल. ठेकेदारही तेच म्हणतो, ग्रामसेवकही तेच म्हणतो. तसंच ठेवलं आणि फाइल पाठवून दिली.